भाच्याची कावीळ, गोल तांबड्या पेशी : दोष रक्तात की पाणथरीत?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. मी चोपड्याचा, शाळेत शिक्षक आहे. थोरली बहीण शहाद्याला दिलेली. तिच्या मुलाबद्दल विचारायचं आहे. पोरगं साडेसात वर्षांचं आहे.

याचे डोळे पिवळे हे आम्ही जन्मापासून बघतोय. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी निळ्या लाईटखाली ठेवलं होतं, तेव्हा 'लहान बाळांना होतं' म्हणाले. मग दर एक-दीड वर्षाने कुणीतरी 'कावीळ झाली' म्हणायचं. पथ्य, उसाचा रस, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन उतरवणं, गळ्यात माळ, सगळं झालं. माळ लांब होत पोटापर्यंत यायची आणि डोळे तसेच. कावीळ बी, सी दोन्ही निगेटिव्ह.

गेल्या महिन्यात नाशिकला दाखवलं. रिपोर्ट असे : हिमोग्लोबिन ७.९, एमसीव्ही ७८, एमसीएचसी ३७.२, रेटिक्युलोसाइट १२ टक्के. बिलिरुबिन ४.१, त्यातलं डायरेक्ट फक्त ०.५. एसजीपीटी २८, म्हणजे लिव्हर ठीक. सिकलची चाचणी निगेटिव्ह, कूम्ब्स निगेटिव्ह. पाणथरी, म्हणजे प्लीहा, बरगडीखाली चार बोटं लागते. निदान 'हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस'.

डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर पन्नास पेशंट बसलेले. त्यांनी सांगितलं की रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या असायला हव्यात, याच्या गोल आहेत, म्हणून पाणथरीत अडकून फुटतात. पुढे-मागे पाणथरी काढावी लागेल. मी विचारलं, काढल्यावर पेशी नीट होतील ना? म्हणाले, नाही, गोलच राहतील. इथे माझी गाडी अडकली. गोलच राहणार असतील तर काढायची कशाला? आणि गोल असण्यात एवढं वाईट काय आहे? गोल वस्तू तर उलट सहज घरंगळते.

आमच्या घरात कुणालाच असलं काही नाही, मग 'हेरेडिटरी' कसं, हाही प्रश्न आहेच.

---

अप्पा मेडिकलवाले

सर, ३१ वर्षं दुकानात काढली, त्यावरून सांगतो. हिमोग्लोबिन ७.९ म्हणजे सरळ सरळ लोह कमी. लोहाचं सिरप सुरू करा, जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी. बीट, काळे मनुके, गूळ-शेंगदाणे. तीन महिन्यांत ११ वर जातं, शेकडो पोरं पाहिली.

आणि ते एमसीएचसी ३७ मनावर घेऊ नका. ते मशीनचं खोटं असतं. ३६ च्या वर आकडा आला की लॅबवाले स्वतःच म्हणतात, परत लावून बघू.

---

धडगावकर

दादा, मी आरोग्य खात्यात आहे, सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरते. शहादा म्हटलं की आमच्या डोक्यात पहिलं सिकलसेलच येतं. नुसती विद्राव्यतेची चाचणी केली असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. आमच्याकडे भिल, पावरा समाजात हा आजार भरपूर आहे आणि डोळे पिवळे, रक्त कमी, पोटात गोळा हे सगळं त्यातही दिसतं. सिकलच्या पोरांना भरपूर पाणी पाजायचं, थंडीपासून जपायचं. हातपाय दुखतात का त्याचे?

---

तापीकाठचा

ताई, हातपाय कधीच दुखले नाहीत. इलेक्ट्रोफोरेसिसही झालंय, नॉर्मल आलं. अप्पा, लोह दोनदा दिलं, सहा-सहा महिने. संडास काळी झाली, रक्त वाढलं नाही.

---

सूक्ष्मदर्शी

मूळची धुळ्याची, आता पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. रोज सकाळचे दोन तास रक्ताच्या काचा बघण्यात जातात, त्यामुळे हा धागा वाचून गप्प बसवेना.

आधी अप्पांचं. फॉलिक ॲसिड बरोबर आहे. ज्याच्या हाडाच्या मगजात पेशी पाच-सहापट वेगाने बनताहेत त्याला ते जास्त लागतंच. लोह मात्र चुकीचं. या मुलाचं रक्त वाहून जात नाही, शरीराच्या आतच मोडतं आणि मोडलेल्या पेशीतलं लोह तिथल्या तिथे परत वापरात येतं. तपासून कमी निघाल्याशिवाय वरून देऊ नये, साचून राहतं. एमसीएचसी म्हणजे तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन किती दाट भरलंय त्याचा आकडा, त्याबद्दल अप्पा अर्धे बरोबर आहेत. तो आकडा मशीन खरंच खोटा दाखवू शकतं. थंडीत पेशी एकमेकींना चिकटल्या किंवा रक्तात चरबी जास्त असली की फुगतो. पण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लॅबमध्ये आकडा ३६-३७ च येत असेल तर ती पेशी बोलते आहे. सर, जुने रिपोर्ट काढून बघा.

आता मुख्य प्रश्न. गोल असण्यात वाईट काय?

लहानपणी धान्य भरताना बघितलं असेल. गोणी अर्धी भरली की ढिली असते, तिला वाकवा, दुमडा, अरुंद खिडकीतून माळ्यावर ढकला, जाते. आता तेच धान्य त्याच्याहून लहान गोणीत ठासून भरा आणि तोंड शिवून टाका. दाणा तेवढाच, पण गोणी टम्म, गोल, ताणलेली. ती त्या खिडकीतून जाणार नाही. जोर लावला तर शिवण उसवेल.

निरोगी तांबडी पेशी ही ढिली गोणी आहे. तिच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण १४० चौरस मायक्रॉन असतं. आतला ऐवज जेवढा आहे तेवढा गोळ्याच्या आकारात गुंडाळायला ९७-९८ पुरले असते. ही वरची शिल्लक म्हणजे तिची ढील. तिच्यामुळेच ती मधून खोलगट दिसते आणि स्वतःच्या रुंदीहून कितीतरी अरुंद फटीतून पलीकडे निघते.

तुमच्या भाच्याच्या पेशीत ही शिल्लक गळून गेली आहे. पडद्याच्या आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, आणि ती पडद्याला जागोजागी टाचलेली असते. अँकिरिन हा त्यातला मोठा टाका. एखादा टाका कमी किंवा कच्चा निघाला की तिथला पडदा सुटा पडतो आणि त्याचे बारीक बारीक बुडबुडे पेशीपासून तुटून जातात. ऐवज आत तसाच आणि गोणी रोज थोडी लहान. कमीत कमी कापडात जास्तीत जास्त माल मावणारा आकार म्हणजे गोळा, म्हणून शेवटी पेशी गोळा होते. ती गोल जन्मत नाही. मगजातून बरीचशी ठीक निघते आणि रक्तात फिरता फिरता गोल होत जाते.

---

भरीतप्रेमी

ताई, जळगावला डाळ मिलमध्ये कामाला आहे, चाळण्यांचा आमचा रोजचा संबंध. मला हे पटत नाही. चपटी पेशी ८ मायक्रॉन रुंद म्हणतात. तुमच्या हिशोबाने तोच माल गोळा केला तर व्यास ५.६ च्या आसपास येतो, आत्ता कॅल्क्युलेटरवर काढला. म्हणजे गोळा लहान. लहान दाणा चाळणीतून आधी पडायला पाहिजे. इथे उलटं कसं?

---

सूक्ष्मदर्शी

प्रश्न एकदम नेमका आहे, आणि ५.६ हा आकडाही बरोबर. चूक आहे ती चाळणी या शब्दात. तुमच्या चाळणीचं भोक दाण्याएवढं असतं. पाणथरीतली फट एक-दोन मायक्रॉनची असते. तिथे ८ ही मोठा आणि ५.६ ही मोठाच. मापाने कुणीच जात नाही, जो वाकतो तो जातो.

आतली रचना जरा सांगते. हृदयातून निघालेल्या रक्तापैकी विसावा भाग पाणथरीकडे जातो. त्यातलं बहुतेक सरळ वाटेने निघून जातं, पण थोडं रक्त नळीतून बाहेर, जाळीदार मऊ गाळात ओतलं जातं. तिथून परत शिरेत यायचं तर शिरेच्या भिंतीतल्या दोन पेशींच्या मधल्या फटीतून अंग काढावं लागतं. निरोगी पेशी लांबट होऊन, दुमडून पलीकडे जाते. गोल पेशी फटीच्या तोंडाशी बसून राहते. मागून आणखी येतात. गाळात गर्दी होते आणि पाणथरी फुगते. ती चार बोटं लागते ती यामुळे.

अडकलेल्या पेशीला तिथे आणखी एक मार बसतो. या पडद्यातून सोडियम जास्त आत झिरपतं आणि ते बाहेर फेकत राहायला पेशी साखर जाळते. कोंडलेल्या गाळात साखर कमी आणि आम्लता जास्त. भुकेली पेशी पडद्याचा आणखी तुकडा गमावते. एखादी कशीबशी सुटलीच तर आधीपेक्षा लहान, आधीपेक्षा ताठ होऊन बाहेर येते आणि पुढच्या फेरीत नक्की अडकते. न सुटलेल्यांना तिथेच बसलेल्या भक्षक पेशी गिळतात.

आणि पिवळेपणा इथूनच. गिळलेल्या हिमोग्लोबिनमधला रंगाचा भाग मोडून बिलिरुबिन होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम. लिव्हर निरोगी आहे, ते जमेल तेवढं उपसतं, पण आवक फार. म्हणून एकूण ४.१ आणि डायरेक्ट जेमतेम ०.५. डायरेक्ट म्हणजे लिव्हरने प्रक्रिया केलेला माल. न केलेला माल रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून फिरतो, किडनीतून गळत नाही. म्हणून या मुलांचे डोळे पिवळे असतात पण लघवी विषाणूच्या कावीळीसारखी मोहरीच्या तेलागत गडद होत नाही. विचारा ताईला.

---

तापीकाठचा

फोन करून विचारलं. लघवी कायम साधी. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

जुने रिपोर्टही काढले. पाच मिळाले, तीन गावांचे. एमसीएचसी : ३६.४, ३६.९, ३७.०, ३६.६, ३७.२. एकावर पेनाने 'रिपीट' लिहिलंय, दुसऱ्यावर तांबडं वर्तुळ आहे. पुढे कुणी काही केलं नाही.

---

अप्पा मेडिकलवाले

बरं, लोहाचं मागे घेतो. पण मला सांगा, पाणथरीच जर एवढ्या पेशी खाते तर रोग पाणथरीलाच झाला म्हणायचा. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, तिल्ली वाढली की माणूस पिवळा पडतो. मलेरियात पण तेच.

---

सूक्ष्मदर्शी

अप्पा, डॉक्टर लोकांतही या प्रश्नावर बरीच वर्षं वाद होता, तुम्ही एकटे नाही. निकाल लावला तो रक्ताच्या अदलाबदलीने. १९४३ साली इंग्लंडमध्ये डेसी आणि मॉलिसन यांनी अशा रुग्णांना निरोगी माणसाचं रक्त दिलं आणि त्या पेशी किती दिवस टिकतात ते मोजलं. त्या जवळजवळ पूर्ण आयुष्य जगल्या. म्हणजे रुग्णाची पाणथरी चांगल्या पेशीला हात लावत नाही. पुढे उलटही बघितलं गेलं. रुग्णाच्या पेशी निरोगी माणसाला दिल्या तर त्याच्याही पाणथरीने त्या चटकन उडवल्या. आणि ज्याची पाणथरी आधीच काढलेली होती अशा माणसात याच गोल पेशी छान टिकल्या.

म्हणजे दोष पेशीत आणि मरण पाणथरीत. दोन्ही लागतं. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पाणथरी काढली तरी पेशी गोलच राहते, पण बाकी शरीरातल्या सगळ्यात बारीक केशवाहिनीतूनही ती निघून जाते, कारण तिथे एक-दोन मायक्रॉनच्या फटी नाहीत. अडवणारं नाकंच उठलं.

---

धडगावकर

मी सिकलचं मधेच घुसवलं, चुकलं. पण एक विचारते. आमच्या सिकलच्या मुलांत लहानपणी पाणथरी मोठी असते, मग आकसत जाते, दहा-बारा वर्षांच्या पोराला सोनोग्राफीत दिसतही नाही. इथे मात्र वाढतच जाते म्हणता. पेशी तर दोन्हीकडे अडकतात.

---

सूक्ष्मदर्शी

सिकलची पेशी विळ्यासारखी होऊन रक्तवाहिनीच तुंबवते, त्यामुळे पाणथरीचा तुकडा तुकडा रक्ताविना मरतो आणि वाळतो. गोल पेशी वाहिनी तुंबवत नाही, फक्त गाळात साचते. पाणथरी जिवंत राहते आणि काम वाढल्याने मोठी होते. हातपाय दुखत नाहीत तेही त्यामुळेच. तुमचा संशय चुकीचा नव्हता. नंदुरबार जिल्ह्यात पहिली शंका तीच यायला हवी.

सर, 'घरात कुणाला नाही' यावर माझा विश्वास नाही, राग मानू नका. चारात तीन घरांत हे आई किंवा बापाकडून आलेलं असतं. डोळे पिवळे होते का असं विचारू नका, सवयीमुळे कुणालाच आठवत नाही. तरुण वयात पित्ताशयाचं ऑपरेशन कुणाचं झालंय, ते विचारा.

---

तापीकाठचा

ताई, हात जोडतो. हे वाचलं आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

आमच्या बहिणीचं पित्ताशय २६ व्या वर्षी काढलं. याच्या जन्मानंतर सहा महिन्यांनी. खडे काळे निघाले होते, बाटलीत घालून दिलेले, मीच घेऊन आलो होतो. तेव्हा सगळे म्हणाले, बाळंतपणात तेल-तूप फार झालं. आणि आमचे वडील. त्यांना अख्खं गाव 'पिवळ्या गुरुजी' म्हणायचं. आम्हाला वाटायचं हळदीच्या रंगाच्या सदऱ्यावरून म्हणतात.

ताईचं रक्त काल तपासलं. हिमोग्लोबिन ११.२, एमसीएचसी ३६.३, रेटिक ५. ती स्वतःला ठणठणीत समजते, शेतात कापूस वेचते.

---

सूक्ष्मदर्शी

काळे खडे हे या आजाराचंच चिन्ह, बिलिरुबिन जास्त उपसलं गेलं की तेच साचून होतात. तेलातुपाचे खडे वेगळे, पिवळट.

ताईचा कारखाना खपाला पुरतोय, म्हणून ११.२. साधी पेशी १२० दिवस जगते, म्हणजे रोज शंभरातली एकही बदलावी लागत नाही. भाच्याची पेशी वीसएक दिवस जगत असेल असं धरा, तर रोज शंभरात पाच बदलायच्या. मगज सहा-आठपट वेग वाढवू शकतो, पण हा मुलगा त्या मर्यादेच्या काठावर उभा आहे. एकाच घरात सहसा आजाराचा जोर सारखा असतो, पण आईचा हलका आणि मुलाचा जास्त असंही दिसतं.

काठावर आहे म्हणून एक विचारते. कधी ताप येऊन एकदम फार पांढरा पडला होता का?

---

तापीकाठचा

पडला होता. साडेपाच वर्षांचा असताना. ताप, सर्दी, गालावर लाली. चार दिवसांनी ताप गेला. त्याच सुमारास ताईच्या सासूबाईंनी माळ घातली होती आणि खरंच डोळे पांढरे व्हायला लागले. घरात सगळ्यांना आनंद. आक्का तर म्हणाली, 'माळनी काम करं.' पण पोरगं उठेना, जिना चढताना बसायचं, ओठ कागदासारखे. आठव्या दिवशी दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन ४.१. दोन बाटल्या रक्त चढवलं. कारण कुणी सांगितलं नाही, 'व्हायरल' म्हणाले.

---

सूक्ष्मदर्शी

त्यावेळचा रेटिक, म्हणजे मगजातून नुकत्याच निघालेल्या कोवळ्या पेशींचा टक्का, आहे का? माझा अंदाज, एकच्या खाली असेल.

---

तापीकाठचा

०.३ लिहिलंय.

---

सूक्ष्मदर्शी

बहुतेक पार्वोव्हायरस बी १९. गालावरची लाली त्याचीच खूण. तुमच्या-आमच्यासारख्यांना हा आला-गेला कळत नाही. तो मगजातल्या तांबड्या पेशींच्या कोवळ्या रोपांनाच मारतो आणि आठ-दहा दिवस उत्पादन बंद पाडतो. आपल्या पेशी १२० दिवस पुरतात, म्हणून आठ दिवसांच्या संपाने काही बिघडत नाही. याच्याकडे वीस दिवसांचा साठा, त्यातले आठ दिवस आवक शून्य.

डोळे पांढरे का झाले ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मोडायला पेशीच कमी उरल्या, तर बिलिरुबिन कुठून येणार? या आजारात पिवळेपणा कमी होऊन पांढुरकेपणा वाढला तर ती सुधारणा नाही, त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि रेटिक बघायचं. हे ताईच्या घरात सगळ्यांना, विशेषतः आक्कांना, नीट समजावून सांगा. एकदा होऊन गेला की हा विषाणू सहसा परत त्रास देत नाही, त्या बाबतीत मुलगा सुटला. पण धाकटं भावंड असेल आणि त्यालाही हाच आजार असेल तर त्याला अजून व्हायचाय.

---

भरीतप्रेमी

निदान पक्कं कसं करतात? गोल पेशी काचेवर दिसल्या म्हणजे झालं?

---

सूक्ष्मदर्शी

नाही, तिथेच फसतात. शरीर स्वतःच्या पेशींवर उलटतं त्या आजारातही पाणथरी पेशीचे लचके तोडते आणि काचेवर हुबेहूब असेच गोळे दिसतात. त्यात कूम्ब्स पॉझिटिव्ह येते, म्हणून ती आधी लागते. मिठाच्या पातळ पाण्यात पेशी घालून बघायची जुनी चाचणी आहे, शोफार यांनी १९०७ मध्ये आणलेली. साधी पेशी पाणी पिऊन फुगायला जागा असते म्हणून मिठाचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या आसपास येईपर्यंत तग धरते. गोल पेशी आधीच टम्म, ती त्याआधीच फुटते. रक्त २४ तास ३७ अंशांवर ठेवून केली तर जास्त पकडते. पण तीही या दोन आजारांत फरक करत नाही आणि सौम्य केस सुटूही शकते. आता मोठ्या लॅबमध्ये ईएमए नावाची चाचणी होते, रंगीत द्रव्य पडद्याला किती चिकटतं ते मशीन मोजतं. भाच्याच्या बाबतीत आई, काळे खडे, पाच रिपोर्टांतला एमसीएचसी आणि निगेटिव्ह कूम्ब्स एवढं जमल्यावर मला तिची फार गरज वाटत नाही.

---

भुसावळची जयू

पहिल्यांदाच लिहिते. माझं हेच आहे. १४ व्या वर्षी पाणथरी काढली, आता ३२.

आधी हिमोग्लोबिन ८ च्या आसपास, शाळेत पी.टी. ला बसून असायचे. ऑपरेशननंतर महिन्याभरात १३. डोळे आयुष्यात पहिल्यांदा पांढरे बघितले, आरशासमोरून हलेना. मैत्रिणीने विचारलं, काजळ बदललंस का? परवा रक्त तपासलं तेव्हाही लॅबने 'गोल पेशी आढळल्या' लिहिलंय. सर, डॉक्टरांनी तुम्हाला बरोबर सांगितलं.

पण दुसरी बाजू सांगते, ती मला कुणी नीट सांगितली नव्हती. २५ व्या वर्षी सकाळी थंडी वाजून ताप आला. मी पॅरासिटामॉल घेऊन झोपले. संध्याकाळी बीपी लागेना, चार दिवस आयसीयू. न्यूमोकोकस निघाला. आता पर्समध्ये चिठ्ठी असते आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी असते. ताप आला की गोळी घ्यायची आणि लगेच दवाखाना, 'उद्या बघू' नाही. कुत्रा चावला तरी तेच, नुसती रेबीजची सुई पुरत नाही.

---

अप्पा मेडिकलवाले

एवढा धोका असेल तर काढायचीच कशाला? देवाने दिलेला अवयव आहे. रक्त चढवत राहावं.

---

सूक्ष्मदर्शी

अप्पा, रक्त चढवत राहिलं की लोह साचतं आणि मग ते उतरवायची औषधं. पण तुमची शंका रास्त आहे. पाणथरी गाळणी तर आहेच, शिवाय न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून उचलायचं काम तिचंच. म्हणून सौम्य आजारात काढत नाहीत, आणि काढायचीच तर शक्यतो सहा वर्षांनंतर. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी किमान दोन आठवडे आधी टोचलेल्या हव्यात. नंतर काही वर्षं पेनिसिलिन. आणि सर, तुम्ही तापीपट्ट्यात, पावसाळ्यात मलेरियाही लक्षात ठेवा, पाणथरी नसलेल्याला तो जड जातो.

अर्धवट काढण्याचाही मार्ग आहे. थोडी ठेवतात, जंतूंशी लढायला. काही मुलांत उरलेला तुकडा पुन्हा वाढतो आणि रक्त परत कमी होऊ लागतं. कुणाला कोणतं योग्य यावर माझ्या ओळखीचे दोन शल्यचिकित्सक आजही एकमेकांशी भांडतात.

---

भुसावळची जयू

माझ्या वेळी अर्धवटचं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय निवडलं असतं, माहीत नाही. हिमोग्लोबिन १३ असलेलं आयुष्य कसं असतं हे मी जगलेय, आणि आयसीयूही.

---

तापीकाठचा

सगळ्यांचे आभार. ताईशी आणि दाजींशी बोललो. पुढच्या मंगळवारी सोनोग्राफी आहे, पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला. असतील तर दोन्ही एकाच वेळी काढायचं की कसं, हे डॉक्टरांना विचारायचं ठरलंय. लसींची यादी लिहून घेतली. दाजींचं मत दहा वर्षांपर्यंत थांबावं असं आहे, ताई म्हणते पोराने दौडमध्ये पळायला हवं. घरात अजून एकमत नाही.

धाकट्या भाचीचं रक्त काल दिलंय. अडीच वर्षांची आहे. तिचे डोळे मी आत्तापर्यंत पांढरेच समजत होतो. काल दुपारी उन्हात अंगणात धरून नीट बघितले.

---

सूक्ष्मदर्शी

तिचा एमसीएचसी आला की इथे टाका.